नूडल्ससाठी मुरवलेली हाफ बॉईल अंडी: नागपूरच्या उन्हाळ्यात वेळ कशी धरायची, किती दिवस ठेवायची (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हा नक्की काय प्रकार आहे?

जपानमध्ये रामेनच्या वाडग्यात वर जे अर्धं कापलेलं, बाहेरून चहाच्या रंगाचं आणि आत केशरी, मधासारखा बलक असलेलं अंडं असतं, ते हे. तिकडे त्याला अजित्सुके तामागो किंवा नुसतं अजितामा म्हणतात. अंडं आधी हाफ बॉईल करायचं, गार करून सोलायचं आणि मग सोय सॉस, गोडवा आणि पाणी यांच्या थंड मिश्रणात फ्रिजमध्ये मुरवायचं. कृती एवढीच. चुकतं ते घड्याळ. ऑनलाइन कृतींमधल्या वेळा तिकडच्या मोठ्या अंड्यांसाठी आणि तिकडच्या हवेसाठी असतात. त्या जशाच्या तशा नागपुरात, त्यातही मे महिन्यात वापरल्या की बलक घट्ट होऊन बसतो आणि दोष सॉसला दिला जातो.

सगळीकडे साडेसहा-सात मिनिटं लिहिलेलं असतं. आमचा बलक तेवढ्यात पूर्ण शिजतो, असं का?

दोन कारणं आहेत. पहिलं अंड्याचं वजन. त्या कृतींमधलं अंडं कवचासकट साधारण ५७ ग्रॅमचं असतं. आपल्या किराणा दुकानातल्या ट्रेमधलं पांढरं अंडं बहुतेक वेळा ४५ ते ५२ ग्रॅमचं निघतं, आणि गावरान अंडं ४० ग्रॅमच्या आसपास. लहान अंड्यात उष्णता मध्यापर्यंत लवकर पोहोचते.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं: अंडं पाण्यात पडतं तेव्हा ते किती गार आहे. फ्रिजमधलं अंडं ५ अंशांवर असतं. नवतपात ओट्यावर ठेवलेलं अंडं आतपर्यंत ३८ ते ४० अंशांवर असतं, म्हणजे त्याचा निम्मा प्रवास आधीच झालेला असतो. असं अंडं ६ मिनिटं उकळलं तर बलक पूर्ण बसतो. वेळ कमी करावी म्हटलं तर पांढरा भाग नीट बसत नाही आणि सोलताना फाटतो. बलक ६५ अंशांच्या पुढे घट्ट व्हायला लागतो, पण पांढरा भाग सोलण्याइतका टणक व्हायला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. बाहेर भरपूर उष्णता आणि मध्यभागी कमी, असा फरक आपल्याला हवा असतो. तो फरक गार अंड्यातच मिळतो. म्हणून अंडी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवूनच उकळायची. दाराच्या कप्प्यात नको, आतल्या फळीवर ठेवा. उन्हाळ्यात दार सारखं उघडलं जातं आणि तिथली अंडी बरीच कोमट असतात.

मग नेमकी किती मिनिटं?

अंडं थेट फ्रिजमधून काढलेलं, पाणी खळखळ उकळतं, आणि घड्याळ अंडं पाण्यात पडल्या क्षणापासून, असं धरून:

- ४० ग्रॅम (गावरान): ५ मिनिटं १० सेकंद
- ४५ ग्रॅम: ५ मिनिटं ३५ सेकंद
- ५० ग्रॅम: ६ मिनिटं
- ५५ ग्रॅम: ६ मिनिटं २५ सेकंद
- ६० ग्रॅम: ६ मिनिटं ४५ सेकंद

या वेळेला बलकाची कड जराशी बसलेली आणि मध्य वाहता राहतो. मुरताना तो आणखी दाटतो, त्यामुळे आत्ता थोडा पातळ दिसला तरी चालतो. बलक जॅमसारखा हवा असेल तर ३० सेकंद वाढवा.

स्वयंपाकघरातला डिजिटल काटा असेल तर प्रत्येक अंडं तोला. एका ट्रेमध्येही ४४ आणि ५३ ग्रॅमची अंडी शेजारी सापडतात. ती एकाच वेळी काढली तर एक घट्ट आणि एक कच्चं निघणार. मोठी आधी सोडा, लहान अर्ध्या मिनिटाने. मग सगळी एकदमच काढता येतात.

उकळण्याची पद्धत सांगाल का?

६ अंड्यांना दीड लिटर पाणी आणि ती एका थरात मावतील असं रुंद पातेलं घ्या. पाणी कमी असेल तर गार अंडी पडल्यावर उकळी पूर्ण बसते आणि परत यायला दोन-अडीच मिनिटं जातात. मग वरच्या वेळांना अर्थ उरत नाही. गॅस मोठा ठेवून अंडी झाऱ्यावरून एकेक अलगद सोडा. उकळी परत आली की आच मध्यम करा, म्हणजे अंडी एकमेकांवर आपटणार नाहीत.

पहिली दोन मिनिटं झाऱ्याने पाणी हळूहळू गोल फिरवत राहा. याने बलक मध्यावर राहतो. नाहीतर तो एका बाजूला सरकतो, तिथे पांढऱ्याचा थर कागदासारखा पातळ होतो आणि सोलताना अंडं तिथेच फुटतं.

अंडी तडकत असतील तर सोडण्याआधी रुंद टोकाला टाचणीने बारीक भोक पाडा. त्या टोकाला हवेची पोकळी असते आणि गरम झाल्यावर ती हवा बाहेर पडायला वाट शोधते. पाण्यात व्हिनेगर घातल्याने तडकलेल्या अंड्यातून आलेला पांढरा भाग लवकर गोठतो. सोलणं मात्र त्याने फारसं सोपं होत नाही.

बर्फाचं पाणी खरंच लागतं का? नळाच्या पाण्याने भागत नाही?

डिसेंबर-जानेवारीत नागपूरच्या नळाचं पाणी चांगलं गार असतं, तेव्हा एखाद वेळेस भागेल. मेमध्ये अजिबात नाही. गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी दुपारी हाताला चटका देतं. त्यात अंडी टाकली तर ती गार होण्याऐवजी आतल्या आत शिजतच राहतात.

बर्फ किती, हेही बघून घ्या. ६ अंडी गार करायला फार बर्फ लागत नाही, दोनशे ग्रॅमच्या आत काम होतं. पण टाकीतलं ४० अंशांचं एक लिटर पाणी गार करायलाच चारशे ग्रॅमहून जास्त बर्फ वितळतो. म्हणजे दोन ट्रे बर्फ नळाच्या पाण्यात ओतला तर तो पाण्यालाच पुरतो आणि अंडी कोमट राहतात. म्हणून पाणी आधीच फ्रिजमध्ये ठेवलेलं घ्या. नसेल तर निदान माठातलं घ्या. मग अर्धा किलो बर्फ आरामात पुरतो. बर्फ घरचाच, प्यायच्या पाण्याचा असावा, कारण तडकलेलं अंडं गार होताना आसपासचं पाणी आत ओढून घेतं. रसवंतीवाल्याकडची लादी यासाठी नको.

अंडी १० मिनिटं त्यात राहू द्या. शेवटी एक काढून ओठाला किंवा गालाला लावून बघा. गार लागलं पाहिजे. किंचित जरी ऊब जाणवली तरी आणखी ५ मिनिटं ठेवा.

सोलताना अंडी खडबडीत होतात. ताजी अंडी आहेत, तरी असं का?

ताजी आहेत म्हणूनच. नुकत्याच घातलेल्या अंड्याचा पांढरा भाग कवचाच्या आतल्या पापुद्र्याला घट्ट चिकटतो. दिवस जातात तसा कवचाच्या सूक्ष्म छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पांढरा भाग अधिक अल्कधर्मी होतो आणि ती पकड सुटते. घालून आठवडाभर झालेलं अंडं सगळ्यात चांगलं सोललं जातं. ताजी आणली असतील तर चार-पाच दिवस फ्रिजमध्ये राहू द्या.

सोलताना ओट्यावर आपटू नका. हाफ बॉईल अंडं चेंडूसारखं लवचीक असतं, दाबलं की फाटतं. चमच्याच्या पाठीने सगळीकडून हलके टिचे मारा आणि रुंद टोकापासून, पाण्याच्या भांड्यात बुडवूनच सोला. पाणी पापुद्र्याखाली शिरतं आणि काम आपोआप होतं. फाटून बलक दिसू लागलेलं अंडं मुरवायला टाकू नका. ते लगेच खाऊन टाका, नाहीतर सगळं पाणी गढूळ होईल.

मुरवायच्या पाण्याचं प्रमाण काय?

६ अंड्यांसाठी:

- लाइट सोय सॉस १०० मिली
- पाणी २५० मिली
- साखर ४० ग्रॅम, म्हणजे तीन सपाट मोठे चमचे
- आल्याच्या ४ चकत्या, ठेचलेल्या लसणाच्या २ पाकळ्या

सगळं एकत्र करून उकळी आणा, मंद आचेवर २ मिनिटं ठेवा, गाळा आणि फ्रिजमध्ये पूर्ण गार करा. खोलीच्या तापमानावर गार करून भागत नाही, कारण मेमध्ये खोलीचं तापमानच ३८ असतं. हे पाणी सकाळीच करून ठेवावं, संध्याकाळी अंडी उकळेपर्यंत ते तयार असतं. कोमट पाण्यात अंडी टाकली तर फ्रिजलाही ती गार करायला तास-दीड तास लागतो, आणि जंतूंना वाढायला तेवढा वेळ पुष्कळ होतो.

मूळ कृतीत साखरेच्या जागी मिरिन असतं. ती गोड, मद्यार्क असलेली तांदळाची वाइन आहे. मिळाली तर ७५ मिली घाला, तेवढंच पाणी कमी करा आणि साखर एका चमच्यावर आणा. नाही मिळाली तर साखरेने काम चालतं. गुळानेही चालतं आणि चव उलट जास्त खोल येते. फक्त गूळ विरघळल्यावर कपड्यातून गाळा, त्यात कचरा असतो.

डार्क सोय सॉस चालेल का? घरात तोच आहे.

सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. चायनीजच्या गाड्यांवर वापरतात त्या दाट काळ्या सॉसमध्ये रंगासाठी कॅरमल असतं. अंडं दोन तासांत काळंभोर होतं, तुम्हाला वाटतं मुरलं, आणि कापल्यावर आत फिकं आणि अळणी. रंग वरच्या एक-दोन मिलीमीटरमध्येच अडकतो. मीठ आणि साखर त्याहून आत जातात, पण सावकाश. त्यामुळे रंग बघून अंडं काढायचं नसतं, घड्याळ बघून काढायचं असतं. गडद रंगच हवा असेल तर लाइट सॉसमध्ये डार्कचा एक लहान चमचा मिसळा, त्याहून जास्त नको.

बाटलीमागचं लेबलही वाचा. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणलं की मीठ निघतं: १०० मिलीत ६ ग्रॅम सोडियम म्हणजे १५ ग्रॅम मीठ. वरचं प्रमाण १५-१६ ग्रॅमच्या सॉससाठी आहे. तुमचा सॉस २० ग्रॅमचा निघाला तर तो ७५ ते ८० मिलीच घ्या आणि जेवढा सॉस कमी केला तेवढं पाणी वाढवा.

किती तास मुरवायची?

४ तासांत वरचा थर रंगतो आणि हलकी चव येते. ८ ते १२ तासांत पांढऱ्या भागाला पूर्ण चव लागते, बलकाची कड दाटते आणि मध्य मऊ राहतो. आमच्या मते हीच खरी वेळ. २४ तासांना अंडं ठसठशीत खारट होतं. नूडल्सचा रस्सा मुळात सौम्य असेल तरच ते बरं लागतं. ४८ तासांत मीठ बलकातलं पाणी ओढून घेतं, बलक खव्यासारखा घट्ट होतो आणि पांढरा भाग रबरासारखा चिवट. काहींना तो घट्ट बलक आवडतोही, पण मग हाफ बॉईल करण्याचे सगळे कष्ट वाया गेले.

एक उदाहरण. रविवारी दुपारी एकला जेवण आहे, ५० ग्रॅमची ६ अंडी आहेत. शनिवारी सकाळी सोय सॉसचं पाणी करून फ्रिजमध्ये ठेवा. रात्री आठला अंडी ६ मिनिटं उकळा, बर्फात १० मिनिटं, सोलून नऊच्या आत गार पाण्यात बुडवा आणि डबा फ्रिजमध्ये सरकवा. रविवारी सकाळी सातला, म्हणजे १० तासांनी, अंडी पाण्यातून काढून कोरड्या झाकणाच्या डब्यात ठेवा आणि परत फ्रिजमध्ये. ती एक वाजेपर्यंत तशीच राहतील, आणखी खारट होणार नाहीत. उरलेली सोमवार रात्रीपर्यंत संपवा.

अंडी पाण्यावर तरंगतात आणि वरचा भाग पांढराच राहतो. काय करायचं?

मीठ-साखरेचं पाणी अंड्यापेक्षा जड असतं, म्हणून ती तरंगणारच. वर वाटी ठेवून दाबू नका, अंडी चेपतात. अंडी एकमेकांना खेटून बसतील असा उंच, अरुंद डबा घ्या आणि वर किचन टिश्यूची दुहेरी घडी ठेवा. ती पाणी शोषून अंड्याच्या वरच्या भागाला ओलं ठेवते. झिप पाऊचमध्ये हवा काढून बंद केलं तर निम्म्या पाण्यातही काम होतं. फक्त पाऊच एखाद्या वाडग्यात ठेवा, कारण तो गळला की फ्रिजच्या फळ्या पुसत बसावं लागतं.

लोणचं तर बाहेर वर्षभर टिकतं. इतकं मीठ असताना ही अंडी का नाही?

कारण मीठ इतकं नाहीच. या पाण्यात मीठ साधारण ४ टक्के आहे. कैरीच्या लोणच्यात ते याच्या कितीतरी पट असतं, जोडीला आंबटपणा आणि वर तेलाचा थर. आपल्या पाण्यात आंबटपणा जवळजवळ नाही, उलट साखर आहे. इथे मीठ चवीपुरतं आहे, टिकवण्याचं काम पूर्णपणे फ्रिज करतो.

शिवाय बलक वाहता राहिला याचा अर्थच तो पोट बिघडवणारे साल्मोनेला जंतू मरण्याइतका तापलेला नाही. म्हणून मर्यादा कडक धरा. उकळल्याचा दिवस पहिला मोजून तिसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत अंडी संपली पाहिजेत, मग ती पाण्यात असोत की बाहेर कोरड्या डब्यात. फ्रिज ४-५ अंशांवर असायला हवा. फ्रिजबाहेर एरवी २ तास, पण हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. नागपुरात मार्च ते जून म्हणजे एकच तास समजा. ऑफिसच्या किंवा शाळेच्या डब्यात म्हणूनच ही अंडी द्यायची नाहीत.

फ्रीजरमध्येही ठेवू नका, पांढरा भाग पाणी सोडून स्पंजासारखा होतो.

वीज गेली तर?

दार उघडू नका. बंद फ्रिज साधारण ४ तास थंडी धरून ठेवतो. त्याहून जास्त वेळ वीज नसेल तर ही अंडी टाकून द्या. वास चांगला येतोय यावर जाऊ नका. साल्मोनेला वास देत नाही. वास, बुळबुळीतपणा किंवा पाण्यात बुडबुडे दिसले तर विचारच करायचा नाही, पण ते दिसले नाहीत म्हणून अंडं चांगलं, असंही नाही.

घरात गर्भवती, आजी-आजोबा किंवा लहान मुलं आहेत. त्यांना देता येईल?

हाफ बॉईल नको. त्यांची अंडी त्याच पातेल्यात १० मिनिटं ठेवा, बलक पूर्ण बसू द्या आणि वेगळ्या डब्यात तेच पाणी घालून मुरवा. चव तीच लागते. रक्तदाबाचा त्रास असलेल्यांसाठी ४ तासांतच काढा.

अंडी आधी धुवायची का?

आणल्याआणल्या धुऊन ठेवायची नाहीत. ओल्या कवचातून घाण आत जाते. उकळायच्या अगदी आधी धुवा. विष्ठा लागलेली किंवा आधीच तडकलेली अंडी या कामाला घेऊच नका, ती भुर्जीला ठेवा.

उरलेलं पाणी परत वापरता येतं?

एकदाच. पहिली अंडी काढल्यावर त्याच दिवशी खळखळ उकळा, २-३ मिनिटं ठेवा, गाळा, गार करून फ्रिजमध्ये ठेवा आणि ३-४ दिवसांत दुसऱ्या खेपेला वापरा. पहिल्या अंड्यांनी मीठ घेतलेलं असतं आणि त्यांच्यातलं पाणी त्यात उतरलेलं असतं, म्हणून २ मोठे चमचे सॉस आणि एक चमचा साखर वाढवा. बलक सांडलेला असेल तर पुन्हा मुरवायला वापरू नका. उकळून फ्राइड राइसमध्ये किंवा सोयाबीन वडीच्या भाजीत घाला.

बाऊलमध्ये चवीला हे पाणी हवं असेल तर अंडी टाकण्याआधीच ५० मिली बाजूला काढून ठेवा.

बाऊलमध्ये घालताना अंडं गार लागतं. मायक्रोवेव्ह करू?

अख्खं अंडं कधीच नाही, आत वाफ कोंडून ते फुटतं, बऱ्याचदा तोंडाजवळ आणल्यावर. नळाचं गरम पाणी वाटीत घेऊन त्यात अंडं ३ मिनिटं ठेवा, तेवढी ऊब पुरे. मग ओल्या सुरीने किंवा शिवणाच्या ताणलेल्या दोऱ्याने उभं कापा. दोऱ्याने बलक फासला जात नाही. नूडल्स आणि रस्सा वाढून झाल्यावर सगळ्यात शेवटी, कापलेली बाजू वर करून ठेवा. उकळत्या रश्श्यात बुडवलं तर दोन मिनिटांत बलक शिजतो.

पाकिटातल्या नूडल्स असतील तर मसाला अर्धाच घाला, बाकीचं मीठ अंड्यात आहे. सावजी रश्श्यात ही अंडी टाकून बघायचा मोह नागपुरात होतोच. ती टाकू नका: तिखटापुढे गोडसर चव कळत नाही आणि रस्सा बलक शिजवून टाकतो. सावजीला साधं, पूर्ण उकडलेलं अंडंच बरं.

कापल्यावर बलकाभोवती हिरवट-करडी कड दिसली. खराब झालं का?

नाही. अंडं जास्त वेळ शिजलं किंवा गार व्हायला उशीर झाला की पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह एकत्र येऊन ती कड तयार होते. खायला हरकत नाही, पण पुढच्या वेळी बर्फ वाढवा आणि अंडी फ्रिजच्या कोणत्या कप्प्यातून काढली होती तेही बघा.